मागचा टायर बदलावा लागेल

जुन्या दुचाकींच्या दुकानावर लागलेला फलक महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावात जवळपास सारखाच वाचायला मिळतो. सिंगल हँड, शोरूम कंडिशन, पेपर क्लिअर, नावावर करून मिळेल. फलक वाचून कोणी चिडत नाही आणि कोणाचा विश्वासही बसत नाही. त्याला कारण आहे. हे चारही दावे खरी चांगली गाडी विकणारा करतो आणि पुरात बुडालेली गाडी पुसून विकणाराही करतो. दोघांचाही खर्च एकच, फलक रंगवण्याचा.

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला होता आणि पुढे २००१ साली त्याला अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. विकणाऱ्याला गाडीचे दोष माहीत असतात, घेणाऱ्याला नसतात. त्यामुळे घेणारा प्रत्येक गाडीला सरासरी गाडीचाच भाव देतो, मग चांगली गाडी असलेला माणूस त्या भावात विकायला तयार होत नाही आणि बाजारात उरते ती कमअस्सल गाडी, असा त्याचा मुद्दा होता. मिरजेच्या किंवा इचलकरंजीच्या दुकानदाराला हा निबंध वाचायची गरज नाही, तो हे रोज सोसतो. चांगली गाडी ठेवूनही त्याला भाव मिळतो तो संशयाचाच. त्याला मदत करू शकेल अशी जाहिरात खोटे बोलणाऱ्याला परवडणारी नसली पाहिजे. अशी छोटी जाहिरात कशी लिहायची, हे एका गाडीवर करून पाहू.

मिरजेतला एक दुकानदार धरू. त्याला स्थानिक रेडिओवर तीस सेकंदांची जाहिरात द्यायची आहे. सावकाश, स्वच्छ मराठीत वाचायचे तर तीस सेकंदांत साठ-पासष्ट शब्द बसतात. दुकानात पंधरा-वीस गाड्या उभ्या आहेत, पण जाहिरातीत एकच घ्यायची. ‘सर्व कंपन्यांच्या गाड्या उपलब्ध’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एकही गाडी येत नाही. आपण जून २०१८ला नोंदलेली, ११० सीसीची, एमएच १० पासिंगची एक स्कूटर निवडली. पहिला मसुदा असा झाला:

‘जून २०१८ची स्कूटर. एकच मालक. धावली एकेचाळीस हजार किलोमीटर. मागचा टायर लवकरच बदलावा लागेल. पडल्यामुळे उजवं पॅनल पुन्हा रंगवलंय. पुराचं पाणी लागलेलं नाही. फायनान्सचा बोजा उतरलाय. चलन बाकी नाही. सकाळी दहाला या, इंजिन तुमच्यासमोर थंडच चालू करू. किंमत बेचाळीस हजार, नावावर करण्याच्या खर्चासकट. आणि आरसी तुमच्या नावाची होईपर्यंत पाच हजार रुपये तुमच्याकडेच ठेवा.’

फलकापेक्षा हे बरे आहे. ‘विश्वासू’, ‘प्रामाणिक’, ‘खात्रीशीर’ यांतला एकही शब्द यात नाही, आणि तो नसावाच. दोष आधी सांगण्याची ताकद जाहिरातीच्या धंद्याला १९६० सालापासून ठाऊक आहे. फोक्सवॅगनने त्या वर्षी अमेरिकेत स्वतःच्याच गाडीचा फोटो छापून तिला सदोष ठरवले. खाली मजकुरात कारण दिले होते. पुढच्या छोट्या कप्प्यावरच्या क्रोमच्या पट्टीला डाग होता, म्हणून तपासनिसाने ती गाडी अडवली. वाचणाऱ्याने मनात केलेला हिशेब सरळ होता: एवढ्यासाठी गाडी अडवणारे लोक मोठा दोष कसा सोडतील? आपल्या स्कूटरचा मागचा टायर तेच काम करतो. टायरबद्दल स्वतःहून सांगणारा माणूस इंजिनाबद्दलही सांगेल, असे ऐकणाऱ्याला वाटते.

तरीही हा मसुदा मी दुकानदाराला देणार नाही. त्यात तीन वाक्ये अशी आहेत की दुकानदार चांगल्या मनाने बोलला तरी ती खोटी ठरू शकतात. त्याला जेवढे ठाऊक आहे त्याहून ती जास्त सांगतात.

पहिले वाक्य किलोमीटरचे. गाडी एकेचाळीस हजार धावली, हे दुकानदाराला कुठून कळले? मीटरवरून. मीटर मागे फिरवता येते, बदलता येते, केबल तुटून महिनोन्‌महिने बंद राहू शकते. दुकानदाराने काहीच केले नसले तरी आधीच्या मालकाने केलेले असू शकते. म्हणून वाक्य ‘धावली’ असे नको, ‘मीटरवर एकेचाळीस हजार’ असे हवे. आणि मीटरला दुसरा साक्षीदार शोधायचा. टायरच्या बाजूवर चार अंक कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आपल्या स्कूटरच्या मागच्या टायरवर ३५२१ आहे, म्हणजे २०२१च्या पस्तिसाव्या आठवड्यात, ऑगस्ट संपता संपता, तो तयार झाला. २०१८ची गाडी आणि २०२१चा टायर, म्हणजे मूळ टायर झिजून हा दुसरा बसला आणि आता तोही झिजत आला. एकेचाळीस हजारांशी हे जुळते. हाच टायर लावलेल्या गाडीचे मीटर नऊ हजार दाखवत असते, तर पहिला टायर एवढ्यात कसा संपला, हे विचारावे लागले असते. पंक्चरने फाटला, असे उत्तर असू शकते. म्हणून तेवढ्यावर न थांबता मुठीचे रबर, ब्रेकच्या लिव्हरचे टोक, पायाखालच्या मॅटचा गुळगुळीतपणा आणि सर्व्हिसच्या पावत्या पाहायच्या. मीटर फिरवणारा सहसा मुठी बदलतो, पण लिव्हर आणि किल्लीचे भोक विसरतो.

दुसरे वाक्य पॅनलचे. रंग पुन्हा दिलेला दिसतो, हे नजरेने कळते. उन्हात तिरके पाहिले की शेजारच्या पॅनलपेक्षा छटा वेगळी असते आणि स्क्रूच्या खाचेत रंग गेलेला असतो. पण ‘पडल्यामुळे’ हे मालकाने सांगितले. गाडी उभ्या उभ्या कलंडली असेल किंवा ट्रकखाली जाता जाता वाचली असेल. दुकानदाराने जे पाहिले ते सांगावे आणि फरक कळण्यासाठी जिथे खरी इजा राहते तिथे पाहावे. स्कूटर मधल्या स्टँडवर घेऊन पुढचे चाक उचलायचे आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी हळू फिरवायचे. मधोमध खाचेत अडकल्यासारखे झाले तर कोनसेट गेला आहे. तो खड्ड्यांनीही जातो, त्यामुळे अपघाताचा पुरावा धरता येत नाही, पण किमतीत धरावा लागतो. मग गाडी सपाट जागेवर उभी करून पुढचे चाक दोन गुडघ्यांत धरायचे आणि हँडल चाकाशी काटकोनात आहे का, हे वरून पाहायचे. सरळ रस्त्यावर चालवताना हँडल तिरपे धरावे लागत असेल, तर फोर्क किंवा चेसिस वाकलेली असण्याची शक्यता आहे. तेव्हा ती गाडी जाहिरातीत घ्यायचीच नाही.

तिसरे वाक्य पुराचे, आणि आमच्या भागात हेच सर्वांत महत्त्वाचे आहे. ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पाण्याने सांगली-कोल्हापूरची कित्येक घरे आणि त्यांच्या पार्किंगमधल्या गाड्या गिळल्या. जुलै २०२१मध्ये पुन्हा पूर आला आणि त्याच पावसात तिकडे चिपळूण-महाडही बुडाले. २०१८ची स्कूटर या दोन्ही पुरांच्या वेळी कुठे उभी होती, हे दुकानदाराला माहीत नसते. आरसीवर ते कुठेही लिहिलेले नसते. म्हणून ‘पाणी लागलेले नाही’ असे तो छातीठोक म्हणू शकत नाही. ‘आम्हाला पाण्याच्या खुणा सापडल्या नाहीत’ एवढेच म्हणू शकतो, आणि कुठे शोधल्या ते दाखवू शकतो.

खुणा कुठे असतात, हे ग्राहकालाही माहीत असावे. वरचे धुणे सोपे असते, आतले नसते. सीट उचलून डिकीचा डबा काढला की खाली चेसिसच्या कोपऱ्यांत सुकलेला बारीक गाळ दिसतो. नदीचा गाळ धुळीपेक्षा वेगळा असतो, तो पापुद्र्यासारखा सुटतो. एअर फिल्टरचा डबा उघडला तर तळाशी तोच गाळ. वायरिंगचे दोन-तीन कपलर सुटे करून आत पाहावे. तांब्यावर हिरवट बुरशी चढली असेल तर पाणी तिथे बराच वेळ होते. अशा गाडीत आज सगळे चालते आणि सहा महिन्यांनी इंडिकेटर, मग हॉर्न, मग सेल्फ असे एकेक बंद पडत जाते. हेडलाइटच्या काचेत आतून पाण्याची रेघ किंवा धुके दिसते. इंजिन ऑइलची कांडी बाहेर काढल्यावर तेल दुधाळ असेल तर त्यात पाणी मिसळले आहे. पण दोन-चार वर्षांपूर्वीच्या पुरातल्या गाडीचे तेल कधीच बदललेले असते, त्यामुळे तेल स्वच्छ निघाले म्हणून गाडी सुटत नाही. कपलर ही जास्त खरी जागा. ते सगळे बदलायला कोणी खर्च करत नाही.

एवढ्या दुरुस्त्या केल्यावर जाहिरातीचा नियम आपोआप समोर येतो. दुकानदाराने डोळ्यांनी पाहिलेले एका बाजूला, सरकारी नोंदीत असलेले दुसऱ्या बाजूला आणि आधीच्या मालकाने सांगितलेले तिसऱ्या बाजूला. पहिले दोन जाहिरातीत येऊ शकतात. तिसरे दुकानात तोंडाने सांगावे, ‘मालक असं म्हणाले’ हे जोडून. तपासणीच्या कार्डावरही हेच तीन रकाने ठेवावेत. बाजारात मिळणारी कार्डे ‘इंजिन: उत्तम, ब्रेक: उत्तम’ अशी असतात आणि त्यांतून काहीच कळत नाही. ‘मागचा ब्रेक: लिव्हर अर्ध्याच्या पुढे जाते, शू बदलले’ असे लिहिले की वाचणाऱ्याला कळते, कोणीतरी खरोखर वाकून पाहिले आहे. तपासणारा मेकॅनिकही शक्यतो गाड्या विकत घेणाऱ्या माणसाहून वेगळा असावा. ज्याने भाव ठरवून गाडी घेतली, त्याला तिच्यातला दोष लिहिणे जड जाते.

आता थंड इंजिनाचे वाक्य. ते मसुद्यात पहिल्यापासून होते आणि तसेच राहील, कारण त्यात दावाच नाही, आमंत्रण आहे. दुकानात गेल्यावर ‘आत्ताच एक राउंड मारून आणली’ असे ऐकू आले आणि सायलेन्सर गरम लागला, तर गाडी तपासण्याची सर्वांत चांगली पाच मिनिटे हातातून गेली असे समजावे. गरम इंजिन पुष्कळ काही लपवते. रात्रभर थंड राहिलेले इंजिन सुरू होताना सायलेन्सरमधून निळसर धूर येऊन मिनिटभरात थांबला, तर व्हॉल्व्हच्या सीलमधून रात्री तेल झिरपून खाली उतरले आहे. हा त्यातल्या त्यात हलका खर्च. रेस केल्यावर निळा धूर येतच राहिला, तर पिस्टनच्या रिंगा गेल्याची शंका घ्यावी आणि तो खर्च मोठा असतो. हिवाळ्यात सुरुवातीला येणारा पांढरा, लगेच विरणारा धूर म्हणजे नुसती वाफ. तिला घाबरून चांगली गाडी सोडू नये.

याची मर्यादाही दुकानदाराने कार्डावर छापावी: आम्ही इंजिन उघडलेले नाही. क्रँकच्या बेअरिंगची किंवा गिअरच्या दातांची झीज बाहेरून पूर्ण कळत नाही. बाहेरून ऐकता येते, चालवून जाणवते, पण पैज लावण्याइतके सांगता येत नाही. म्हणूनच जाहिरातीत ‘इंजिनची गॅरंटी’ हा शब्द आपण घातलेला नाही. दुकानदाराला महिनाभराची गॅरंटी द्यायची असेल तर त्यात कोणते भाग येतात, मजुरी धरली आहे का आणि किती किलोमीटरपर्यंत, हे लिहून द्यावे लागेल, आणि ते तीस सेकंदांत मावत नाही. मोठ्याने गॅरंटी म्हणायची आणि अटी बारीक अक्षरांत ठेवायच्या, हा मार्ग कायद्यानेही अडवला आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जून २०२२मध्ये केंद्रीय प्राधिकरणाने फसव्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली. खालच्या खुलाशाने वरचा दावा खोडता येत नाही आणि खुलासा दाव्याच्याच भाषेत असावा लागतो, असे ती सांगतात. मराठी जाहिरातीखाली इंग्रजी अटी छापणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.

कागदांकडे वळलो की जाहिरातीचा अवघड भाग सुरू होतो. गाडी डोळ्यांना दिसते, कागद बहुतेकांना दिसूनही कळत नाहीत. ‘पेपर क्लिअर’ या दोन शब्दांत पाच-सहा वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात आणि प्रत्येक वेगळ्या ठिकाणी अडते.

‘एकच मालक’ हे नोंदीतून सिद्ध होते, आरसीवर मालकाचा अनुक्रमांक असतो. मात्र तो नोंदणीचा मालक. गाडी प्रत्यक्षात तीन हातांतून गेली असेल आणि एकदाही नावावर झाली नसेल, तरी आरसीवर पहिलाच मालक दिसतो. हे कसे होते, ते पाहू. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. विकणारा त्यांवर सही करून तारीख आणि घेणाऱ्याचे नाव कोरे ठेवतो. तो कोरा संच गाडीबरोबर पहिल्या दलालाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे फिरतो. सगळ्यांचे शुल्क वाचते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५०प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली की विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. कोऱ्या संचात ते दिवस सुरूच होत नाहीत.

याची किंमत बहुधा त्या पहिल्या मालकाला मोजावी लागते, ज्याला वाटत असते की गाडी कधीच गेली. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे नेमके हेच होते. एक मोटार एकामागून एक हात बदलत गेली, नोंदणी पहिल्याच नावावर राहिली आणि मग अपघात झाला. ज्याच्या नावावर नोंदणी तोच कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच, असा निकाल लागला. दुकानात गाडी विकायला येणाऱ्या माणसासाठी ही गोष्ट फार मोलाची आहे. म्हणून मला वाटते, अशा दुकानाची एक जाहिरात गाडी विकणाऱ्यांसाठीही असावी. चांगली गाडी मिळवायची तर आधी तिच्या मालकाचा विश्वास बसला पाहिजे.

यावर आता रीतसर वाट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२मध्ये भर घालून १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आरटीओकडून अधिकारपत्र घेण्याची व्यवस्था झाली. ते पाच वर्षांसाठी असते. अधिकृत विक्रेत्याकडे गाडी सोपवताना फॉर्म २९सीमधून तशी ऑनलाइन सूचना द्यायची. त्यानंतर गाडी विकेपर्यंत विक्रेताच तिचा मालक मानला जातो आणि त्या काळात काही घडले तर जबाबदारी त्याची. दुकानातली गाडी त्याने भाजी आणायला वापरायची नाही. ग्राहकाला चालवून दाखवणे, दुरुस्ती, रंगकाम, तपासणी अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर काढायची आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवायची. दुकानात गेल्यावर हे अधिकारपत्र पाहायला मागावे.

बोजाचे वाक्य तपासू. आपल्या स्कूटरवर कर्ज होते, मालकाने ते २०२१मध्ये फेडले आणि फायनान्स कंपनीचे पत्र आणून कपाटात ठेवले. त्याच्या लेखी विषय संपला. आरसीवर मात्र कंपनीचे नाव तसेच राहिले, कारण ते काढायला कंपनीच्या सहीचा फॉर्म ३५ आणि ना हरकत पत्र आरटीओकडे द्यावे लागते. हे अर्धवट काम अगणित गाड्यांचे राहिलेले असते. ‘कर्ज फिटलंय’ आणि ‘बोजा उतरलाय’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि जाहिरातीत दुसरी म्हणायची तर ती आधी झालेली असली पाहिजे. शिवाय ही गाडी १ एप्रिल २०१९च्या आधीची आहे. अशा गाड्यांना महाराष्ट्रात उच्च सुरक्षा नंबरप्लेट बंधनकारक झाली आहे आणि ती बसवल्याशिवाय बोजा उतरवणे किंवा नाव बदलणे ही कामे अडतात. म्हणजे क्रम असा: आधी प्लेट, मग बोजा, मग जाहिरात. दुकानदार म्हणेल, विकल्यावर एकदमच सगळे करू. तसे असेल तर वाक्य काढून टाकावे लागेल.

चलनाचे वाक्य ग्राहकाच्या मोबाइलवर सोपवणे उत्तम. महाराष्ट्रातली ई-चलने mahatrafficechallan.gov.in या संकेतस्थळावर दिसतात. गाडीच्या नंबरासोबत चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार अंक टाकावे लागतात. ते अंक गाडी समोर असल्याशिवाय ग्राहकाला मिळत नाहीत, म्हणून दुकानदाराने स्वतःहून दाखवावेत. हे करताना आणखी एक काम उरकते. चेसिसवर कोरलेला नंबर आणि आरसीवरचा नंबर अक्षर न्‌ अक्षर ताडून पाहिला जातो. कागद धरून त्यावर पेन्सिल घासली की नंबरचा ठसा उतरतो. अंक वेडेवाकडे, खोल-उथळ असतील किंवा भोवती घासल्याच्या खुणा असतील तर व्यवहार तिथेच थांबवावा. हा दोष भाव कमी करून भरून निघणारा नाही.

विम्याबद्दल जाहिरातीत काही नाही आणि ते मुद्दाम. ‘विमा चालू’ म्हटले की घेणाऱ्याला वाटते, आपण सुरक्षित. गाडीसोबत आपोआप येते ते फक्त थर्ड पार्टी संरक्षण, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्याला मिळणारी भरपाई. गाडी चोरीला गेली किंवा मोडली तर मिळणारे पैसे पॉलिसी आपल्या नावावर झाल्याशिवाय मिळतीलच असे नाही. त्यासाठी व्यवहारानंतर १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करायचा असतो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनसही त्याच्यासोबत जातो, गाडीसोबत राहत नाही. एवढे सगळे दुकानातल्या पावतीवर मांडता येते, रेडिओवर नाही.

राहिले शेवटचे वाक्य, पाच हजारांचे. दुकानदार ते वाचून दचकेल आणि त्याचे दचकणे रास्त आहे. बेचाळीस हजारांच्या गाडीत पाच हजार अडकले तर त्याच्या कमाईचा मोठा हिस्सा अडकतो. गिऱ्हाईकाने आरसी घेऊन पैसे बुडवले तर काय? म्हणून तोंडी ठेवायचे नाही. पावतीवर लिहायचे: एकूण किंमत बेचाळीस हजार, आज मिळाले सदतीस हजार, उरलेले पाच हजार नव्या नावाची नोंद परिवहन पोर्टलवर दिसेल त्या दिवशी. खाली दोघांच्या सह्या. आणि जाहिरात देण्याआधी दुकानदाराने स्वतःची घडी बसवायची. ऑनलाइन अर्जाच्या वेळी मूळ मालकाच्या नोंदलेल्या मोबाइलवर ओटीपी जातो. तो मालक पुण्याला मुलाकडे गेला असेल किंवा नंबर बदलला असेल, तर काम तिथेच अडते. म्हणून गाडी घेतानाच मालकाला समोर बसवून मोबाइल नंबर तपासायचा, सह्या करून घ्यायच्या, ओळखपत्राची प्रत ठेवायची. दुकानात गाडी येते तेव्हाच हे केले तर नावावर व्हायला वेळ लागत नाही. न केले तर पाच हजार खरेच अडकतात. जाहिरातीच्या या एका वाक्यात मला सगळ्यात जास्त रस आहे तो यासाठी. कोऱ्या सह्यांवर धंदा करणाऱ्याला हे वाक्य उच्चारताच येणार नाही.

किमतीचा उल्लेखही ठेवायचाच. बाजारात गाडी बेचाळीसला ठरते आणि नंतर ‘पेपरचे वेगळे’ म्हणून आणखी काही हजार मागितले जातात. खर्चासकट किंमत सांगितली की ती जागा बंद होते. आरटीओचे शुल्क किती आणि दुकानाचा सेवेचा आकार किती, हे पावतीवर वेगळे दाखवावे. सरकारी पावती ग्राहकाला द्यावी म्हणजे तो ताडून पाहू शकतो.

दुरुस्त जाहिरात अशी झाली:

‘जून २०१८ची स्कूटर. आरसीवर एकच मालक. मीटरवर एकेचाळीस हजार. मागचा टायर बदलावा लागेल, उजवं पॅनल पुन्हा रंगवलेलं आहे. पुराच्या खुणा शोधल्या, सापडल्या नाहीत. सीट उघडून तुम्हीही बघा. बोजा उतरलाय. चलन तुमच्याच मोबाइलवर तपासा. सकाळी दहाला या, इंजिन थंडच ठेवतो. किंमत बेचाळीस हजार, नावावर करून. आणि आरसी तुमच्या नावाची होईपर्यंत त्यातले पाच हजार तुमच्याकडेच ठेवा.’

यापुढे दुकानाचे नाव आणि पत्ता, बस. मागे ढोल-ताशा नको, धावणाऱ्या गाडीचा आवाजही नको. वाचणारा आवाज शक्यतो दुकानदाराचाच असावा, मिरजेच्या बोलीतला. उद्या दुकानात गेल्यावर तोच आवाज भेटला पाहिजे.

ही जाहिरात फार दिवस चालणार नाही, कारण स्कूटर विकली जाईल. विकल्यावरही ती वाजत राहिली तर आलेल्या माणसाला ‘ती गेली, दुसरी दाखवतो’ असे ऐकावे लागते आणि तो मनात म्हणतो, ती कधी नव्हतीच. म्हणून आठवड्याला गाडी बदलायची आणि नव्याने ध्वनिमुद्रण करायचे. पुढच्या आठवड्यात १२५ सीसीची मोटरसायकल असेल तर टायरच्या जागी चेन-स्प्रॉकेट येईल, पॅनलच्या जागी फोर्कमधून गळणारे तेल. ती एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ असेल तर इंजिनच्या दिव्याचे एक वाक्य घालावे. किल्ली फिरवल्यावर तो पिवळा दिवा आधी लागून मग विझला पाहिजे. तो लागतच नसेल, तर कोणीतरी बंद करून ठेवला आहे, आणि मग ती गाडी आधी मेकॅनिककडे जाईल, रेडिओवर नंतर.